नाव काढलंय, काळजी नको

लोकांची माहिती उघड्यावर टाकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "नाव काढलंय, काळजी नको." आरोग्य शिबिर घेणारी संस्था हे म्हणते, गावात सर्वेक्षणाला पोरं पाठवणारं महाविद्यालय म्हणतं, आणि कचेरीतला साहेब तर खुर्चीतून न उठता म्हणतो. एक्सेलच्या फाइलमधला नावाचा रकाना उडवायचा, फारच सोवळं पाळायचं असेल तर मोबाइल आणि आधार क्रमांकही उडवायचा, आणि उरलेलं सगळं, म्हणजे जन्मतारीख, लिंग, पिनकोड आणि आजार, खुशाल वाटत सुटायचं. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. इतक्या ठाम आवाजातलं अज्ञान मला दुसऱ्या कुठल्या विषयात फारसं भेटलेलं नाही.

हिशेब पवन मावळातच करू. तिकोणा गडाच्या पायथ्याची तिकोणा पेठ घ्या. गावात समजा दीड हजार माणसं आहेत. माणसाचं आयुष्य ऐंशी वर्षांचं धरलं तर जन्मतारखा झाल्या सुमारे २९,०००. पुरुष आणि स्त्री असे दोन भाग केले की खण झाले ५८,००० च्या वर. म्हणजे अठ्ठावन्न हजार खणांच्या फडताळात दीड हजार माणसं टाकायची. तुमच्या खणात तुमच्याशिवाय आणखी कुणी सापडण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. बाकीचे सगळे आपापल्या खणात एकटे. नाव काढा नाहीतर ठेवा, तारीख आणि लिंग सांगितलं की गावात तो माणूस एकच.

"पण आम्ही गावाचं नाव देत नाही हो, फक्त पिनकोड देतो," असं साहेब म्हणतील. हरकत नाही. पिनकोड ही आपल्याच माणसाची देणगी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे लेखक श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे थेट वाटप करणाऱ्या टपाल कचेरीपर्यंत नेऊन सोडतात. वेलणकरांचा हेतू पत्र नेमक्या माणसापर्यंत पोचावं हा होता. नेमकेपणासाठी केलेली गोष्ट लपवण्यासाठी वापरायची आणि वर ती सुरक्षित आहे म्हणायचं, याला काय म्हणावं? पवनानगरच्या ४१०४०६ मध्ये आसपासच्या गावांसकट समजा वीस हजार लोक आहेत. तेवढ्याच खणांत वीस हजार टाकले तरी शंभरातले सत्तरच्या आसपास लोक एकटेच उरतात. दादरच्या किंवा कोथरूडच्या पिनकोडात लाखभर माणसं कोंबलेली असतात, तिथे गर्दीचा थोडा आडोसा मिळतो. मावळात तोही नाही. आणि नियम करणारे बसतात शहरात.

आता एक गंमत सांगतो, जी अमेरिकेतल्या पुस्तकात सापडणार नाही. वरचा हिशेब सगळ्या तारखा सारख्याच वाटल्या गेल्या आहेत असं धरतो. आपल्याकडे तसं नाही. कुठल्याही खेड्यातल्या साठीच्या पुढच्या माणसांच्या तारखा विचारा, निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं निघेल. आईला आठवायचं ते "मोठ्या पुराच्या वर्षी, भात काढणीच्या आधी" एवढंच. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचं वय तोवर पुरं भरायला हवं, म्हणून गुरुजींनी टाक बुडवला आणि लिहिलं: १ जून. पुढे आधार काढताना ज्यांना नुसतं वय सांगता आलं, त्यांच्या वाट्याला त्या वर्षीची १ जानेवारी आली. थट्टेचा विषय झालेला हा गुरुजींचा आळस त्या म्हाताऱ्यांचं सगळ्यात भक्कम संरक्षण आहे. त्याच पिनकोडात साठीच्या पुढचे दोन हजार लोक धरा, त्यातले निम्मे एक जूनचे. पंचवीस वर्षं आणि दोन लिंगं, म्हणजे पन्नास खण. एकेका खणात वीसेक जण. फाइलमध्ये "१ जून १९५२, पुरुष" अशी ओळ दिसली तर ती वीस आजोबांपैकी कुणाचीही असू शकते. त्यांचा नातू मात्र दवाखान्यात जन्मला, तारीख दाखल्यावर अचूक चढली, आणि तो आपल्या खणात एकटा. म्हणजे ज्याच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय, ज्याचं नोकरी, लग्न, विमा सगळं व्हायचंय, तोच सगळ्यात उघडा.

आजोबांना जे चुकून मिळालं, त्यालाच संशोधकांनी के-अनामिकता असं नाव दिलं. पिअरान्जेला समराती आणि लतान्या स्वीनी यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. कल्पना इतकी साधी आहे की ती न पाळण्याला सबब नाही. जन्मतारीख, लिंग, पिनकोड यांसारखे जे रकाने बाहेरच्या दुसऱ्या कुठल्या यादीतही सापडतात, ते आधी वेगळे काढा. त्या रकान्यांपुरती एकसारखी दिसणारी माणसं एका गटात धरा. सगळ्यात लहान गटात जितकी माणसं, तितका तुमचा 'के'. के पाच असेल तर प्रत्येक माणसासारखे निदान आणखी चार जण फाइलमध्ये आहेत. के एक असेल तर नाव काढण्याचा खटाटोप फुकट गेला.

स्वीनीबाईंना हे सुचलं त्याच्यामागे एक प्रकरण आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका आयोगानं सरकारी नोकर आणि त्यांच्या कुटुंबीयांची, सुमारे १,३५,००० लोकांची, दवाखान्यातली माहिती संशोधकांना दिली. नावं काढली होती. काळजी नको, असं तिथेही सांगितलं गेलं. त्या राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड मे १९९६ मध्ये एका महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात कोसळले होते, त्यांना दवाखान्यात नेलं होतं, बातमी सगळीकडे छापून आली होती. ते केंब्रिज शहरात राहतात हेही जगजाहीर. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या स्वीनीनं वीस डॉलर मोजून केंब्रिजची मतदारयादी विकत घेतली. तिच्यात ५४,८०५ नावं, पत्ते आणि जन्मतारखा होत्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा निघाले, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या पाच आकडी झिप कोडात राहणारा एकच. आता दवाखान्याच्या फाइलमध्ये तेवढे तीन रकाने जुळवायचे होते. गव्हर्नरांचं निदान आणि औषधं समोर आली. पुढे १९९० च्या जनगणनेवरून तिनं काढलं की जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड एवढ्यावर ८७ टक्के अमेरिकी एकटे पडतात.

या प्रकरणावर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. फिलिप गोल यांनी २००६ मध्ये पुढच्या जनगणनेवर तोच हिशेब केला तेव्हा ८७ चे ६३ टक्के झाले. डॅनियल बार्थ-जोन्स यांनी दाखवून दिलं की केंब्रिजची लोकसंख्या लाखाच्या घरात होती आणि मतदारयादीत त्यातले निम्म्याहून थोडे जास्तच होते. यादीत नसलेला, त्याच तारखेला जन्मलेला एखादा पुरुष त्या झिपमध्ये राहत असता तर? मतदारयादी एकटीच्या जोरावर खात्री देऊ शकत नव्हती, खात्री बातमीनं दिली. मान्य. पण हा आक्षेप घेऊन जरा मावळात या. इथल्या गावात मतदारयादीबाहेरचा प्रौढ माणूस शोधावा लागतो, आणि बातमीला वर्तमानपत्र लागत नाही. २०२० च्या मार्चमध्ये पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले. प्रशासनानं नावं जाहीर केली नव्हती, तरी ती मोबाइलवर फिरली आणि अधिकाऱ्यांवर कारवाईचे इशारे द्यायची वेळ आली. पुढे तर वय, लिंग, तालुका आणि "मुंबईहून आलेला" एवढं सांगितलं की गाव बोट दाखवून मोकळं व्हायचं.

"आपल्या मतदारयादीत जन्मतारीख कुठे असते? नुसतं वय असतं," हा पुढचा बचाव. हाही खराच आहे. यादीत नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, लिंग आणि पात्रता दिनांकाला पूर्ण झालेलं वय असतं. हजार मतदारांच्या गावात एका वयाचे एका लिंगाचे सरासरी आठेक जण निघतात. आठातून एक काढायला तारीख आणि महिना लागेल. तो कुठून आणायचा? कामशेतच्या चौकात मान वर करा. अभीष्टचिंतनाचे फ्लेक्स जितके आपल्याकडे लागतात तितके पृथ्वीच्या पाठीवर आणखी कुठे लागत नसतील.

एक सरपंच घेऊ, काल्पनिक. फ्लेक्सवर भाऊंचा गॉगल लावलेला फोटो आणि खाली १४ ऑगस्ट. १ जानेवारी २०२४ च्या मतदारयादीत भाऊंचं वय ४७. म्हणजे त्यांचा जन्म २ जानेवारी १९७६ ते १ जानेवारी १९७७ या दरम्यानचा. या काळात १४ ऑगस्ट एकदाच येते, १९७६ ची. झाली पूर्ण जन्मतारीख, आणि वीस डॉलरसुद्धा लागले नाहीत. आता शिबिराच्या फाइलमध्ये "१४-०८-१९७६, पु., ४१०४०६" ही ओळ शोधा. पुढच्या रकान्यात साखरेचा आकडा असेल, यकृताचा असेल, किंवा भाऊंनी बायकोलाही न सांगितलेलं काही असेल. फ्लेक्स नसलेल्यांनी निर्धास्त राहू नये. त्यांचा वाढदिवस मेहुण्याच्या स्टेटसला असतो. अनेक नोकरभरतीच्या निवड याद्यांत तर पोरांच्या पूर्ण जन्मतारखाच छापलेल्या असतात, कारण गुण सारखे पडले की वयानं मोठा आधी.

हे जुळवणारा माणूस म्हणजे अंधाऱ्या खोलीतला हॅकर, असं चित्र ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी पवना धरणाच्या काठानं एक चक्कर मारावी. तंबू, बंगले, फार्महाऊस यांनी तिथल्या गुंठ्याला भाव आणलाय. कुठल्या गटात किती हिस्सेदार, कुणावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, हे सातबाऱ्यावर घरबसल्या दिसतं. त्यात कुठल्या हिस्सेदाराचं मूत्रपिंड निकामी होत चाललंय एवढं कळलं, की कुणाच्या दारात कधी जाऊन बसायचं हे जमिनीच्या दलालाला वेगळं शिकवावं लागत नाही. वाटणीवरून कोर्टात गेलेला पुतण्या, स्थळाची चौकशी करणारा मामा, यांनाही ही फाइल चालते. त्यांना संगणकाचं फार ज्ञान लागत नाही. त्यांना माणसं माहीत असतात.

मग करायचं काय? आधी मोजायचं. मला चीड येते ती इथे. के मोजायला महागडी प्रणाली लागत नाही, सल्लागार लागत नाही. जन्मतारीख 'बी', लिंग 'सी' आणि पिनकोड 'डी' रकान्यात असेल तर 'ई' रकान्यात दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत हे सूत्र ओढायचं:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

प्रत्येक माणसापुढे त्याच्या गटात किती जण आहेत ते उमटेल. त्यातला सगळ्यात लहान आकडा काढायला 'ई' रकाना सोडून एका मोकळ्या चौकटीत:

```
=MIN(E:E)
```

पगारपत्रकाची बेरीज ज्याला जमते त्याला हे जमतं. उत्तर एक आलं तर फाइल बाहेर जाणार नाही, बस. मग रकाने सैल करायचे. पूर्ण तारखेऐवजी वर्ष, वर्षानं भागलं नाही तर पाच किंवा दहा वर्षांचा पट्टा. पिनकोडाचे शेवटचे तीन आकडे उडवायचे. ४१० एवढंच ठेवलं तर पनवेल-कर्जतपासून लोणावळा, जुन्नरपर्यंतचा मुलूख एका टोपलीत येतो. पुन्हा मोजायचं. तरीही काही ओळी एकट्या उरतात, नव्वदी पार केलेली आजी किंवा गावातला एकमेव तृतीयपंथी. त्या ओळी फाइलमधून सरळ काढायच्या. अमेरिकेत आरोग्याच्या माहितीला असा लेखी नियम आहे: तारखेतलं फक्त वर्ष, झिपचे पहिले तीन आकडे आणि तेही त्या भागात वीस हजारांहून जास्त लोक असतील तरच, आणि नव्वद व त्यापुढचे सगळे एकाच गटात. तो नियम काही देववाणी नाही, पण निदान कुणीतरी बसून ठरवलेला आहे.

यावर संशोधक कुरकुरतील की माहिती बोथट झाली. होतेच. हवी तेवढी तीक्ष्ण माहिती आणि हवा तेवढा आडोसा दोन्ही एकाच फाइलमध्ये मिळत नाही, आणि मिळेल असं सांगणारा काहीतरी विकायला आलेला असतो. कुठे बोथट करायचं हे माहितीचा उपयोग बघून ठरवावं लागतं. लहान मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास असेल तर वय महिन्यांत हवंच. मग गाव सोडा, तालुकाही सोडा. बोथट करूनही उत्तम काम होतं याचा पुरावा मुंबईत, देवनारला आहे. तिथली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. त्या सर्वेक्षणाची स्थाननिर्देशांसह माहिती संशोधकांना मिळते तेव्हा ठिकाणं मुद्दाम हलवलेली असतात: शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाचपर्यंत, काही मोजक्या खेड्यांत दहापर्यंत. पेठेचा ठिपका धरणाच्या पाण्यात पडला तरी चालतो. त्या माहितीवर जगभर प्रबंध निघतात आणि कुणाचं काही अडत नाही.

के पाच झाला म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी आहे. समजा फाइल नीट सैल केली, तीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांचा गट पाच जणींचा झाला, आणि त्या पाचही जणींच्या पुढे क्षयरोग लिहिलेला आहे. आता माझी शेजारीण या गटात आहे एवढंच मला माहीत असलं तरी पुरे. तिची ओळ कुठली हे शोधायची गरजच उरली नाही. के-अनामिकता माणूस लपवते, गटाचं गुपित लपवत नाही. अश्विन माचनवज्जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे भोक दाखवलं आणि अट घातली की प्रत्येक गटात गुपितंही वेगवेगळी असली पाहिजेत. शहराच्या माहितीत असे गट क्वचित सापडतील. एकाच वाडीतल्या, एकाच चुलीच्या धुरात वाढलेल्या बायकांच्या माहितीत ते सारखे सापडणार. शिवाय तीच माणसं दोन संस्थांच्या दोन फाइलींत असतील आणि दोघांनी पट्टे वेगळे पाडले असतील, तर दोन्ही फाइली एकमेकींवर ठेवल्या की गट फुटतात. एका मावळात किती संस्था शिबिरं घेतात ते बघता हे घडायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि कायदा? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात ओळख पुसलेली माहिती परत माणसाशी जोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होता. २०२३ चा जो कायदा प्रत्यक्षात आला त्यात ते कलम नाही. मला त्याचं फार दुःख नाही, कारण त्या कलमाखाली दलाल कधी सापडला नसता आणि भोक दाखवणारी एखादी स्वीनी सहज अडचणीत आली असती. डाचतं ते दुसरंच. कायद्यानं जी माहिती प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही असं त्याच्या तिसऱ्या कलमात लिहून ठेवलंय. म्हणजे कुलपाचा अर्धा भाग सरकार स्वतः चौकात टांगणार, त्याला कायद्याचं बोट लागणार नाही, आणि दुसरा अर्धा भाग "नाव काढलंय" म्हणत ज्याला वाटेल त्यानं वाटावा. मतदारयादी बंद करा असं मी म्हणत नाही. ती उघडी असलीच पाहिजे, नाहीतर मेलेले मतदान करतात. सातबाराही उघडा हवा. ते उघडे आहेत हे धरूनच दुसरी फाइल बाहेर काढावी लागेल.

माझी मागणी लहान आहे. माणसांची माहिती बाहेर काढणाऱ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत सगळ्यात लहान गटाचा आकडा छापा, कुठले रकाने धरून तो मोजला ते लिहा, आणि खाली मोजणाऱ्याची नाव-हुद्द्यासह सही घ्या. लोकांची नावं काढायला जे इतके तत्पर असतात, ते स्वतःचं नाव त्या आकड्याखाली घालायला किती तयार होतात ते बघू.